शाबूत जनुकं आणि तरीही कर्करोग

(पोयनाड येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या आणि पेशीला आवरून धरणारी आरबी आणि पी-५३ ही दोन जनुकं अक्षर न् अक्षर वाचून पाहिली, तर बहुतेक वेळा ती धडधाकट सापडतात. मिशेरी आणि तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात तसं नसतं. तिथे पी-५३ जनुक बऱ्याचदा बिघडलेलं असतं. मग पहिल्या रोगात पेशी बेताल का वाढतात? आजचं बोलणं या एकाच प्रश्नाभोवती आहे. त्याचं उत्तर कळलं की 'अर्बुदजनुक', 'अर्बुदरोधक जनुक' या शब्दांचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

आधी निरोगी पेशी पाहू. पेशीला विभागायचं असेल तर सुमारे सहा अब्ज अक्षरांचा डीएनए आधी नकलून काढावा लागतो. हे काम सात-आठ तास चालतं आणि एकदा सुरू झालं की मध्येच सोडून चालत नाही. म्हणून सुरुवातीच्या आधी एक ठाणं आहे. आर्थर पार्डी यांनी १९७४ साली ते दाखवून दिलं. त्या ठाण्यापर्यंत पेशी बाहेरून येणाऱ्या वाढीच्या निरोपावर अवलंबून असते. ते ओलांडल्यावर निरोप थांबला तरी ती विभागणी पुरी करते.

त्या ठाण्यावर आरबी नावाचं प्रथिन उभं असतं. डीएनए नकलण्याची यंत्रणा चालू करणारं ई-२-एफ हे प्रथिन त्याने पकडून ठेवलेलं असतं. वाढीचा निरोप आला की पेशीच्या आवरणाखालचं रास हे प्रथिन जागं होतं, पुढे सायक्लिन-डी तयार होतं आणि त्याच्याबरोबर काम करणारी सीडीके-४ आणि सीडीके-६ ही विकरं आरबीवर फॉस्फेटचे तुकडे चिकटवतात. आरबीची पकड सुटते, ई-२-एफ मोकळं होतं आणि नक्कल सुरू होते. विभागणी उरकली की फॉस्फेट काढले जातात आणि पकड पुन्हा बसते.

तुम्ही खारेपाटातले, तेव्हा तुम्हाला बांधाची उघाडी मी सांगायला नको. आतलं पाणी चढलं की झडप बाहेर उघडते, भरती आली की आपोआप मिटते. आरबीचं काम तसंच, निरोपाच्या जोराने उघडायचं आणि जोर ओसरला की मिटायचं. अशी उघाडी निकामी व्हायच्या निरनिराळ्या तऱ्हा तुम्ही पाहिल्या असतील. त्या लक्षात ठेवा.

पहिली तऱ्हा म्हणजे आतून सतत जोर. रास प्रथिन निरोप पोचवल्यावर स्वतःच बंद होतं, ही त्याची घडण. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातल्या पेशींचं रास जनुक वाचलं, तेव्हा निरोगी जनुकाशी फरक निघाला एका अक्षराचा. त्या एका अक्षरामुळे प्रथिनाच्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन बसतं आणि रासला बंद होता येत नाही. आता, प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. इथे एकच प्रत बिघडली तरी पुरते, कारण सतत चालू राहणाऱ्या प्रथिनाला शेजारचं निरोगी प्रथिन थांबवू शकत नाही. अशा जनुकाला अर्बुदजनुक म्हणतात. मूळ जनुक पेशीच्या गरजेचंच असतं, वाईट असतो तो त्यातला बदल.

दुसरी तऱ्हा, झडपच नाहीशी होणं. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यात होणारा एक कर्करोग आहे, रेटिनोब्लास्टोमा. कधीकधी फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक बुबुळ लाल न दिसता पांढरं चमकतं आणि तेवढ्यावरून तो लक्षात येतो. (असा फोटो घरात निघाला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा, व्याख्यान संपायची वाट पाहू नका.) १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी अशा ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. दोन्ही डोळ्यांत रोग झालेली मुलं सरासरीने लहान वयाची होती, एकाच डोळ्यात झालेली मोठी. त्यांनी वयाचे आलेख काढले. दोन्ही डोळ्यांचा आलेख एकाच अपघाताची वाट पाहिल्यासारखा उतरत होता आणि एका डोळ्याचा दोन अपघातांची. याचा अर्थ असा की पहिल्या मुलांत एक प्रत जन्मतःच खराब असते, दुसरी पडद्यातल्या एखाद्या पेशीत खराब झाली की झालं. दुसऱ्या मुलांत एकाच पेशीत दोन्ही प्रती योगायोगाने जाव्या लागतात, म्हणून उशीर लागतो. तेव्हा ते जनुक कोणी पाहिलेलंही नव्हतं. १९८६ साली ते हाती लागलं, तेच आरबी. अर्बुदरोधक जनुक म्हणतात ते हे. एक प्रत शाबूत असेपर्यंत पेशी सांभाळून राहते.

आता गर्भाशयमुखाकडे येऊ. इथे झडप आहे आणि चांगलीही आहे, पण तिच्यात ओंडका अडकला आहे. तो ओंडका एचपीव्ही या विषाणूचा. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ साली या रोगाच्या गाठींतून विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाचे सुमारे सत्तर टक्के कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणूचा डीएनए जेमतेम आठ हजार अक्षरांचा. स्वतःची नक्कल करायची यंत्रणा त्याच्याकडे नाही, ती त्याला आपल्या पेशीचीच वापरावी लागते. पण तो वाढतो अस्तराच्या वरच्या थरांत, आणि तिथल्या पेशींनी विभागणं थांबवून यंत्रणा मिटून ठेवलेली असते. म्हणून तो ई-७ नावाचं प्रथिन बनवतो. ई-७ आरबीला जाऊन चिकटतं, ई-२-एफला त्याच्या पकडीतून सोडवतं आणि आरबीचा नाशही घडवतं. बाहेरून निरोप आलेला नसताना पेशी डीएनए नकलू लागते.

पण पेशी इतकी भोळी नाही. निरोपाशिवाय नक्कल सुरू झाली की पी-५३ हे प्रथिन साठू लागतं. ते एक तर पी-२१ तयार करवून विभागणी अडवतं, नाही तर पेशीला मरायला लावतं. नुसतं ई-७ असतं तर बऱ्याचशा पेशी तिथेच संपल्या असत्या. म्हणून विषाणूकडे ई-६ आहे. ते आपल्याच पेशीतल्या एका प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ वर 'मोडीत काढा' अशी खूण लावतं आणि पेशीची कचरा विल्हेवाट यंत्रणा पी-५३ चे तुकडे करते. जनुक शाबूत, त्यावरून प्रथिनही बरोबर तयार होतंय, पण ते टिकत नाही. मला विचाराल तर सगळ्या कर्करोगशास्त्रात इतकी स्वच्छ जोडी दुसरी नाही. एका ठाण्याचा पहारेकरी ई-७ ने बांधला आणि त्याची बोंब ऐकून धावणारा ई-६ ने संपवला.

यातून विषाणूला कर्करोग हवा असतो असं मात्र समजू नका. त्याला नवे विषाणू हवेत. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. घोटाळा होतो तो वर्षानुवर्षं राहिलेल्या थोड्या संसर्गांत. विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो आणि तुटताना बऱ्याचदा त्याचं ई-२ हे जनुक मोडतं. ई-२ चं एक काम ई-६ आणि ई-७ ला माफक ठेवण्याचं. ते गेलं की दोन्ही मोकाट बनू लागतात. पहारा नसलेल्या पेशीत डीएनएची मोडतोड दुरुस्तीविना पुढच्या पिढीत जाते, एकावर एक बदल साचतात आणि त्यांतली एखादी पेशी खालच्या थरात शिरायला शिकते. याला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे विषाणू एकटा कर्करोग करत नाही, तो कर्करोगाला मोकळीक देतो.

झडप खरोखर चांगली होती, याला पुरावा काय? हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या हेला पेशी प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांच्यात १८ क्रमांकाचा एचपीव्ही आहे. २००० साली येल विद्यापीठात डॅनिएल डिमायो यांच्या प्रयोगशाळेने या पेशींत ई-२ प्रथिन परत घातलं. ई-६ आणि ई-७ बनणं थांबलं, पी-५३ साठलं, आरबीची पकड बसली आणि जवळपास पन्नास वर्षं न थांबता विभागत आलेल्या पेशी काही दिवसांत थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या. ओंडका काढला आणि झडप मिटली. दरम्यानच्या काळात त्यांच्या गुणसूत्रांची भयंकर पडझड झाली होती, तरी ही दोन जनुकं कामाला तयार होती.

आम्ही पॅथॉलॉजिस्ट लोक हा ओंडका काचपट्टीवर पाहतो, जरा आडवाटेने. सीडीके-४ आणि सीडीके-६ ला आवरणारं पी-१६ नावाचं प्रथिन असतं. आरबी निकामी झालं की पी-१६ वरचा दाब उठतो आणि ते भरमसाट बनतं. पण त्याचा उपयोग काय? ते झडपेच्या आतला जोर कमी करतं, आणि झडप तर जोराशिवायच उघडी आहे. त्यामुळे ई-७ असलेल्या गर्भाशयमुखाच्या तुकड्यात पी-१६ चा रंग गडद तपकिरी, सलग पट्ट्यासारखा येतो. मिशेरीवाल्या तोंडाच्या कर्करोगात पी-१६ चं जनुकच बहुधा गेलेलं असतं आणि तुकडा फिका राहतो. तिथे वाट वेगळी आहे, पी-१६ जातं, अनेकदा सायक्लिन-डी च्या जनुकाच्या प्रती वाढतात, पी-५३ बिघडतं. दार तेच, जनुकं आपली आपणच मोडलेली.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती, की हे दार मिटवणारं औषध नाही का? एका अर्थी आहे. सीडीके-४ आणि सीडीके-६ ला रोखणाऱ्या गोळ्या २०१५ पासून स्तनाच्या काही कर्करोगांत वापरतात, पाल्बोसिक्लिब त्यांतली पहिली. पण ती आतला जोर कमी करते. मिटायला आरबी शिल्लक असेल तरच तिचा उपयोग. रेटिनोब्लास्टोमात आरबी नाही, एचपीव्हीच्या गाठीत ते ई-७ च्या तावडीत आहे, म्हणून तिथे ती चालत नाही.

आणि लस? लसीने तयार होणारी प्रतिपिंडं विषाणूच्या बाहेरच्या कवचाला धरतात, म्हणजे त्याला पेशीत शिरू देत नाहीत. ई-६ आणि ई-७ बनवत बसलेल्या पेशीवर ते कवच नसतंच, तेव्हा त्या पेशीला लसीने काही होत नाही. म्हणून ती मुलींना ९ ते १४ व्या वर्षी, संसर्गाआधी द्यायची. तिशी ओलांडलेल्यांसाठी तपासणी आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी एकदाच केली आणि गरज होती तिथे उपचार केले, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे होते. ती पंधरा-वीस वर्षं इथे उपयोगी पडतात. आणखी चिठ्ठ्या असतील तर पुढे द्या.