डबल-टॅपचा डॅश: एका मुदतीत दोन गोष्टी कोंबू नका

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आजचा विषय टच-स्क्रीनवरच्या खेळांमधला डबल-टॅप डॅश. उजवीकडे दोनदा पटकन टॅप केलं की पात्र उजवीकडे झेपावतं, एवढीच गोष्ट. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी लिहिली आहे, आणि लिहून झाल्यावर दोन तक्रारी ऐकल्या आहेत. एक खेळाडू म्हणतो, "मी डॅश मागितलाच नव्हता, पात्र थेट खड्ड्यात गेलं." दुसरा म्हणतो, "कितीही टॅप करा, डॅश होतच नाही." खेळ तोच, बिल्डही तीच. मला आज टॉलरन्सवर, म्हणजे बोटाला किती सरकू द्यायचं यावर बोलायचं आहे; पण त्याआधी वेळेचा हिशेब नीट लावून घेऊ.

या दोन ओळी पाहा. तुम्ही त्या लिहिल्या असतील किंवा कुठून तरी उचलल्या असतील:

```csharp
if (Time.time - lastTap < 0.3f) Dash();
lastTap = Time.time;
```

या ओळींवर माझा मनापासून राग आहे. त्या चुकीच्या दिसत नाहीत, हाच त्यांचा धोका. टेबलावर फोन ठेवून तपासलं तर डॅश होतो. मग तक्रारी आल्या की कोणीतरी 0.3 चं 0.25 करतं. अपघाती डॅश कमी होतात, पण "होतच नाही" म्हणणारे वाढतात. मग 0.35. मग पुन्हा खाली. आमच्या एका खेळात हा आकडा असा वर-खाली होत राहिला. प्रत्येक वेळी बदल करणाऱ्याला वाटायचं की आता जमलं, कारण त्याच्या स्वतःच्या अंगठ्याला तो आकडा जमलेला असायचा.

आता सगळ्यांनी एक करा. मांडीवर अंगठा दोनदा पटकन आपटा. छान. आता समजा पात्र कड्याच्या टोकाशी आहे आणि तुम्हाला ते इंच-इंच पुढे न्यायचं आहे. तसे दोन टॅप करा. फरक जाणवला? पहिल्या खेपेला तुम्ही दोन टॅपांच्या मधली जागा आवळली. दुसऱ्या खेपेला टॅप तितकेच छोटे होते, कदाचित आणखी छोटे, पण मध्ये थांबून तुम्ही पाहिलंत की पात्र कुठे पोचलं. हा मधला थांबा हीच खरी खूण आहे. आणि वरच्या दोन ओळी नेमकी तीच खूण पुसून टाकतात.

कशी, ते आकड्यांनी पाहू. वेळ मिलिसेकंदात घेऊ, पहिलं बोट टेकलं तो क्षण शून्य. तीन माणसं समजा.

पहिला चपळ खेळाडू. बोट 0 ला टेकलं, 90 ला उचललं, 210 ला पुन्हा टेकलं. त्याला डॅश हवा आहे.

दुसरी खेळाडू थोडी जड हाताची. 0 ला टेकलं, 160 ला उचललं, 300 ला पुन्हा टेकलं. तिलाही डॅशच हवा आहे.

तिसरा कड्यावर इंच-इंच सरकणारा. 0 ला टेकलं, 60 ला उचललं, 290 ला पुन्हा टेकलं. त्याला डॅश मुळीच नको आहे.

वरच्या ओळी एका टेकण्यापासून पुढच्या टेकण्यापर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे 210, 300 आणि 290. आता मुदत ठरवा. 250 ठेवलीत तर जड हाताच्या बाईंना डॅश कधीच मिळणार नाही. 320 केलीत तर कड्यावरचा माणूस खड्ड्यात. तिला हो म्हणेल आणि त्याला नाही म्हणेल असा एकही आकडा या रेषेवर नाही, कारण तिचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा आहे. तुम्ही वर्षभर ट्यूनिंग केलंत तरी तो सापडणार नाही.

तेच टॅप उचलण्यापासून टेकण्यापर्यंत मोजा. चपळ खेळाडूचं मधलं अंतर 120, जड हाताचं 140, कड्यावरच्याचं 230. आता 180 ची मुदत ठेवली की तिघांचंही बरोबर निघतं. बोट किती वेळ टेकलेलं राहिलं हा माणसाच्या हाताचा स्वभाव आहे, आणि मधली फट हा त्याचा हेतू. दोन्हींची बेरीज करून तिच्यावर मुदत लावणं म्हणजे स्वभावासाठी माणसाला शिक्षा करणं.

पण इथेच थांबलात तर नवा अपघात होईल. खेळाडू 600 मिलिसेकंद बोट दाबून चालतोय, बोट जरा सुटतं आणि 100 मध्ये पुन्हा टेकतं. मधली फट 100, म्हणून डॅश! जुन्या मोजणीत हे 700 भरायचं, त्यामुळे आपोआप वाचायचं. म्हणून दुसरी अट हवी: पहिलं टेकणं स्वतः टॅप असलं पाहिजे, चाल नव्हे. साधारण 200 च्या वर गेलं की ती चाल समजा. दोन अंतरं, दोन अटी, आणि दोन्ही वेगवेगळ्या लावता येतात. जड हाताच्या लोकांसाठी टेकून राहण्याची अट सैल करा, तिचा कड्यावरच्या माणसाशी काही संबंध येत नाही.

अँड्रॉइडच्या GestureDetector मध्ये हे आधीपासून आहे. तिथे पहिलं बोट उचलल्यापासून दुसरं टेकेपर्यंतच मोजतात: जास्तीत जास्त 300 मिलिसेकंद, कमीत कमी 40. ही खालची मर्यादा लोक विसरतात. घसरणाऱ्या बोटाचा संपर्क कधी क्षणभर तुटून पुन्हा जुळतो. त्यातून जन्मलेला "दुसरा टॅप" माणसाचा नसतो, आणि इतक्या कमी फटीवरून तो ओळखता येतो. मात्र वरचा 300 तसाच उचलू नका. तो फोटो मोठा करण्यासारख्या कामांसाठी ठीक आहे. तिथे डबल-टॅपची शक्यता संपेपर्यंत एका टॅपचं काम थांबवून ठेवता येतं. खेळात पहिल्या टॅपला पात्राने तत्क्षणी चालायलाच हवं. त्यामुळे आपल्याकडे पहिला टॅप "थांब, बघू" असा नसतो. तो खराच असतो, आणि दुसरा टॅप त्याच्यावर डॅश चढवतो. डॅशही दुसरं बोट टेकताच सोडा, उचलण्याची वाट पाहू नका.

आणखी एक, Time.time बद्दल. ही खेळाची घड्याळवेळ आहे, अंगठ्याची नव्हे. स्लो-मोशनमध्ये timeScale 0.5 झालं की 0.3 ची मुदत खऱ्या जगात 0.6 सेकंद होते. डॅश चुकून होण्याच्या तक्रारी फक्त बॉसच्या लढाईतूनच का येतात, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. शिवाय ती फ्रेममागे एकदाच बदलते. 30 फ्रेमच्या खेळात एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची. 180 च्या मुदतीत एवढी चूक खपवून घेऊ नका. अँड्रॉइडवर getEventTime(), आयओएसवर UITouch चा timestamp: बोट खरंच टेकलं ती वेळ तिथे मिळते. ती वापरा.

आता संयोजक मागून हात दाखवत आहेत, पाचच मिनिटं उरली आहेत. ज्यासाठी मला बोलावलं तो टॉलरन्स अजून सुरूही झालेला नाही. भरभर सांगतो.

टॉलरन्स दोन आहेत, वेळेसारखेच. टॅप चालू असताना बोट किती सरकलं तर तो अजून टॅप मानायचा, हा एक. अँड्रॉइड त्याला touch slop म्हणतं, मूळ आकडा 8 dp, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. दुसरा टॅप पहिल्यापासून किती दूर पडला तर चालेल, हा दुसरा. तिथे अँड्रॉइड 100 dp देतं, जवळजवळ 16 मिलिमीटर. खेळात पहिला खूप सैल हवा, कारण जोरात खेळणारा अंगठा टेकतो तेव्हा लोळतो; सव्वा मिलिमीटरवर टॅप नाकारलात तर उत्साही खेळाडूला डॅश कधीच मिळणार नाही. तीन-चार मिलिमीटरपासून सुरुवात करा. दुसरा मात्र 16 वरून बराच खाली आणा, नऊ-दहापर्यंत. डावं-उजवं शेजारी असेल तर दोन्ही टॅप एकाच बाजूचे आहेत हे तरी तपासाच.

आणि हे सगळं मिलिमीटरमध्ये लिहा, पिक्सेलमध्ये नको. 40 पिक्सेल म्हणजे 160 घनतेच्या जुन्या टॅब्लेटवर 6.35 मिलिमीटर, आणि 400 च्या फोनवर 2.54. "माझ्या जुन्या टॅब्लेटवर होतो, नव्या फोनवर होत नाही" ही तक्रार आली की आधी हाच भागाकार करा. युनिटीत Screen.dpi कधी कधी शून्य देतं, त्याची सोय करून ठेवा. सगळं मिळून असं दिसतं. वेळा सेकंदात आहेत:

```csharp
bool dash = hold1 < 0.20f && slipMm < 4f
         && gap > 0.04f && gap < 0.18f
         && distMm < 9f && side1 == side2;
```

डॅश सुटला की पहिल्या टॅपची आठवण पुसा. नाही पुसली तर घाईतल्या तीन टॅपांचे दोन डॅश होतात. जोडी लावताना बोटाचा पॉइंटर आयडी जुळवू नका. बोट उचललं की तो आयडी दुसऱ्या बोटाला मिळू शकतो. जोडी जागेवरून लावा, म्हणजे उडीच्या बटणावरचा दुसरा अंगठा मध्ये येणार नाही.

हे आकडे तुमच्या खेळाला जसेच्या तसे बसणार नाहीत, ते फक्त सुरुवातीचे आहेत. ट्यूनिंग करताना दोन गोष्टींची नोंद ठेवा. डॅशनंतर लगेच, अर्ध्या सेकंदाच्या आत, खेळाडूने उलट दिशा दाबली किंवा तो पडला, तर तो बहुधा अपघात. आणि दुसरा टॅप एखाद्या अटीवर नाकारला गेला व खेळाडूने लगेच तिथेच पुन्हा दोन टॅप मारले, तर तो हुकलेला डॅश; कोणत्या अटीने नाकारला हेही लिहा. हुकलेले बहुतेक slipMm वर अडकलेले दिसले तर वेळेला हात लावूच नका. अपघात आणि हुकलेले दोन्ही gap वरच अडकत असतील आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळत असतील, तर कोणतीही मुदत तुम्हाला वाचवणार नाही. तेव्हा डॅशला वेगळं बटण द्या. कापणाऱ्या हातांच्या खेळाडूंसाठी ते बटण सेटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून असू द्या, कारण त्यांच्या हातात टॅपची फट त्यांच्या हेतूप्रमाणे राहत नाही, आणि त्यांना मुदत वाढवून देणं म्हणजे त्यांच्या वाट्याला फक्त जास्त खड्डे देणं.