डोकं भिंतीच्या पलीकडे निघतं का?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'फ्लेमिश बाँड की इंग्लिश बाँड'. दोन्हींबद्दल बोलणारच आहे, पण आधी खानापूर रस्त्यावरच्या एका घराची गोष्ट सांगतो. तीस वर्षं बांधकामावर देखरेख केली, पण त्या भिंतीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कशानंच शिकवलं नाही.

बाहेरून गिलावा नसलेली, विटा उघड्या ठेवलेली नऊ इंची भिंत होती. फ्लेमिश बाँड, म्हणजे प्रत्येक थरात एक लांब वीट, एक डोकं, पुन्हा लांब, पुन्हा डोकं, आणि वरच्या थरातलं डोकं खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर. रुंदी दिसणाऱ्या विटेला मी डोकं म्हणतो, पुस्तकात हेडर आहे. भिंत इतकी देखणी की येणारा-जाणारा थांबून बघायचा. सांधे सरळ, दर्जा छान भरलेल्या.

तीन पावसाळ्यांनंतर मालकांचा निरोप आला, 'भिंत पोट काढतेय.' ओळंबा सोडला तर मधोमध इंचभर फुगवटा. थापीच्या दांड्यानं ठोकलं, तर फुगलेल्या भागाचा आवाज पोकळ. त्यांना एक खिडकी हवीच होती, म्हणून तिथंच भिंत फोडली. आतलं बघून मी खाली बसलो. एकही डोकं भिंतीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. बाहेर दिसणारं प्रत्येक डोकं म्हणजे अर्धी वीट, साडेचार इंचांचा रोडा. आत वरपासून खालपर्यंत एकच उभा सांधा. नऊ इंची भिंत नव्हतीच ती. साडेचार इंचांच्या दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या.

छताचे वासे आतल्या भिंतीवर टेकलेले. तिला भार होता, बाहेरचीला नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पाणी मधल्या सांध्यात शिरलं, आणि बाहेरच्या पातळ भिंतीला मागून धरणारं कोणीच नव्हतं, ती सुटत गेली. का केलं असं? भट्टीवरून येताना फुटलेल्या विटा खपवायच्या होत्या, आणि पूर्ण वीट आडवी घातली की पाठीमागची बाजू वरखाली दिसते. आपल्या गावठी विटा लांबीत सारख्या नसतात, म्हणून नऊ इंची भिंतीची एकच बाजू सरळ येते. गवंड्यानं दोन्ही बाजू सरळ करून दाखवल्या, आणि भिंत तोडून ठेवली. शेवटी बाहेरचा अर्धा भाग टप्प्याटप्प्यानं उतरवून पूर्ण डोकी घालून पुन्हा बांधावा लागला.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोणता बाँड, हे नंतर. डोकं पलीकडे निघतं का, हे आधी विचारा. काम चालू असताना वरून बघा, प्रत्येक डोकं भिंतीच्या पूर्ण जाडीभर एकसंध दिसलं पाहिजे. गिलावा करण्याआधी आतल्या बाजूनंही त्याच जागी तेच डोकं सापडलं पाहिजे.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, म्हणून कबूल केलेलं भराभर सांगतो. इंग्लिश बाँडमध्ये एक थर सगळा लांब विटांचा, पुढचा सगळा डोक्यांचा. म्हणजे दर्शनी भागाचा निम्मा हिस्सा डोकी. फ्लेमिशमध्ये नऊ इंच लांब विटेशेजारी साडेचार इंचांचं डोकं, म्हणजे एक तृतीयांश. भिंतीचे दोन पदर बांधून धरणारे दुवे इंग्लिशमध्ये जास्त, म्हणून ती मजबूत मानतात. चुकीला वावही कमी, कारण अख्खा थर डोक्यांचा असला की रोडे लपवणं अवघड जातं. फ्लेमिशची जाळी डोळ्याला गोड, पण सांधे ओळीत ठेवायला हात सराईत लागतो.

कोपऱ्यात दोन्हींना लांबीत दोन फाका केलेली वीट लागते, क्वीन क्लोजर. कोपऱ्यातल्या डोक्यालगत ती बसली की पुढचे सांधे सव्वादोन इंचांनी सरकतात आणि सांधेमोड साधते. ती विसरली, तर डोक्यांचे सांधे लांब विटांच्या सांध्यांखाली येऊन उभी रेघ पडते.

साडेतेरा इंची भिंतीत फरक वाढतो. दोन्ही बाजूंनी फ्लेमिश करायची तर आत अर्धे तुकडे लागतातच आणि उभे सांधेही थोडे थोडे राहतात. इंग्लिशमध्ये ते राहत नाहीत. म्हणून जाड, भार घेणारी आणि गिलाव्याची भिंत असेल तर इंग्लिश करा. दर्शनी भाग उघडा ठेवायचा असेल, तर बाहेरून फ्लेमिश आणि पाठीला इंग्लिश चालतं, पण त्याला किमान साडेतेरा इंच जाडी लागते. नऊ इंचांत हा जोड बसत नाही. नऊ इंची भिंतीत फ्लेमिश हवी असेल तर खुशाल करा, फक्त रोज संध्याकाळी गवंडी थापी धुवायला गेले की भिंतीवर वाकून डोकी मोजा.