कंदील कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सरत आला की पुण्यात आकाशकंदिलांची तयारी सुरू होते. कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि पेटंट यांतला फरक आज आपण एका कंदिलावरच पाहू.

समजा, नारायण पेठेत एक ताई कागदी कंदील बनवून विकतात. यंदा त्यांनी स्वतः मोर आणि वेलबुट्टीचं नवं चित्र काढलं, आणि कंदिलाचा आकारही कमळाच्या पाकळ्यांसारखा नवा केला. दुकानाला त्यांनी स्वतः घडवलेलं एक वेगळंच नाव आहे. ताई म्हणतात, "मला याचं पेटंट घ्यायचंय."

पेटंट इथे बसत नाही. पेटंट मिळतं ते नव्या शोधाला, म्हणजे एखादं काम नव्या पद्धतीनं करणाऱ्या वस्तूला किंवा प्रक्रियेला. सांगाड्याची घडी एका झटक्यात उघडणारा खटका त्यांनी शोधला असता, तर विचार करता आला असता. दिसायला सुंदर एवढ्यानं पेटंट होत नाही.

दुकानाच्या नावाला लागतो ट्रेडमार्क. 'पुणेरी आकाशकंदील' असं नाव ठेवलं तर ते फक्त मालाचं वर्णन झालं, त्यावर हरकत येणारच. ताईंचं नाव घडवलेलं आहे, त्यामुळे अडचण कमी. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकानं वर्ग पाडलेले आहेत; कंदील येतात वर्ग 11 मध्ये. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला 4,500 रुपये. नोंदणी 10 वर्षांची, आणि पुढे दर 10 वर्षांनी नूतनीकरण. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावायला हरकत नाही; पण गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे.

आता मोराचं चित्र. ते कागदावर उतरलं त्या क्षणी त्यावर ताईंचा कॉपीराइट लागला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हा हक्क टिकतो. हे ऐकून बहुतेक जण निर्धास्त होतात, आणि गफलत नेमकी इथेच होते.

कॉपीराइट कायद्याचं कलम 15 सांगतं की, जी रचना डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेनं 50 पेक्षा जास्त वेळा बनवली गेली, की त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो. पन्नासच! दिवाळीच्या हंगामात तेवढे कंदील पहिल्या आठवड्यातच निघून जातात. "आम्ही हातानं बनवतो" ही सबबही फारशी कामाची नाही, कारण डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हातानं केलेली प्रक्रियाही येते. भिंतीवर टांगायचं मूळ चित्र आणि कंदिलावरची रचना यांत रेघ कुठे ओढायची, यावर कोर्टात वाद होतात. 2025 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की हे प्रत्येक प्रकरणात तपासूनच ठरवावं लागतं. छोट्या दुकानदारानं त्या वादाच्या भरवशावर राहू नये, असं माझं मत.

म्हणजे ताईंना खरी गरज आहे ती चौथ्याच गोष्टीची, डिझाइन नोंदणीची. 2000 सालच्या डिझाइन कायद्याखाली आकार आणि नक्षी नोंदवता येते. एकट्या व्यक्तीला अर्जाची फी 1,000 रुपये. हक्क 10 वर्षांचा, आणि आणखी 5 वर्षं वाढवता येतो. अट मात्र कडक आहे: अर्ज करण्याआधी ती रचना कुठेही जाहीर झालेली नसावी. कंदिलाचा फोटो इन्स्टाग्रामवर गेला, प्रदर्शनात एक नमुना टांगला, किंवा व्हॉट्सअॅपवरून ग्राहकांना पाठवला, तर नवेपणाचा मुद्दा तिथेच घसरू शकतो. म्हणून क्रम असा: नमुना तयार, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, अर्ज केला, आणि मगच जाहिरात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी स्टेटस, मग वकील.

चित्र दुसऱ्याकडून, म्हणजे एखाद्या कला महाविद्यालयातल्या मुलाकडून काढून घेतलं असेल, तर त्याच्याशी लेखी करार करा. हक्क कायमचे आणि कुठे-कुठे दिले, ते त्यात लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

आणि समजा, तुळशीबागेत तोच कंदील दुसऱ्याच्या टपरीवर दिसला. बिल घेऊन एक नग विकत घ्या, टपरीचा आणि मालाचा फोटो काढा. डिझाइन नोंदलेलं असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करून विक्री थांबवण्याचा मनाई हुकूम मागता येतो. मनाई न मागता नुसती कायद्यातली ठरावीक रक्कम मागितली, तर दर उल्लंघनाला जास्तीत जास्त 25,000 आणि एका डिझाइनमागे एकूण 50,000 रुपये मिळतात. म्हणून मनाई हुकुमावरच भर द्यावा. समोरच्यानं नक्षीऐवजी दुकानाचं नाव उचललं असेल, तर नोंदणी नसतानाही दावा करता येतो. फक्त त्या नावाची बाजारात आधीपासून ओळख आहे, हे ताईंना दाखवावं लागेल. त्यासाठी जुनी बिलं, जाहिराती आणि ग्राहकांच्या ऑर्डरी उपयोगी पडतात, तेव्हा दिवाळी झाली म्हणून बिलबुकं रद्दीत देऊ नका.