नदीपलीकडचा गोवा: तेरेखोल आणि आकड्यांचा हिशोब

[दृश्य: केरीचा धक्का, सकाळ. फेरीबोट तेरेखोल नदी ओलांडते आहे. समोर टेकडीवर किल्ला.]

निवेदन:
केरी गोव्यात, पेडणे तालुक्यात. नदीपलीकडचं तेरेखोलही पेडणे तालुक्यातच. पण तेरेखोलला फेरीऐवजी गाडीरस्त्याने जायचं तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला उतरायचं, रेडीवरून वळसा घ्यायचा आणि सिंधुदुर्गातून पुन्हा गोव्यात शिरायचं. जमिनीच्या बाजूने या गावाला महाराष्ट्राचाच वेढा आहे.

असं का झालं, ते किल्ला सांगतो. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला आणि नदीच्या उत्तर काठावरचा हा तुकडा गोव्याला जोडला गेला. नदीमुखावर नजर ठेवायला ही टेकडी हवीच होती.

[दृश्य: नकाशा. नदीची निळी रेघ, तिच्या वर छोटासा रंगीत ठिपका.]

निवेदन:
काटेकोर बोलायचं तर हा पूर्ण तुटलेला तुकडा नाही, कारण पाण्यातून तो गोव्याशी जोडलेला आहे. जमिनीने मात्र तुटलेला आहे. नकाशा काढणाऱ्याची चूक इथेच होते, आणि ती दोन तऱ्हांनी होते.

पहिली तऱ्हा: नदी दिसली, तीच हद्द धरली. मग तेरेखोल वेंगुर्ले तालुक्यात जाऊन पडतं. गोव्याचं क्षेत्रफळ जेवढं घटतं तेवढंच सिंधुदुर्गाचं वाढतं, त्यामुळे दोन्हींची बेरीज बरोबरच येते आणि चूक लपून राहते. ती बेरजेने नाही, गावांच्या यादीने पकडावी लागते. जनगणनेच्या यादीत तेरेखोल पेडण्याखाली आहे. मग नकाशातही ते त्याच रंगात हवं.

दुसरी तऱ्हा: संगणकावर नकाशा ‘साफ’ करताना बारीक तुकडे कचरा समजून पुसले जातात. इथे गाव कुणाकडेच उरत नाही. ही चूक मात्र बेरजेत दिसते, एकूण क्षेत्रफळ थोडं कमी भरतं. म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात. एकीवर भागत नाही.

[दृश्य: दमणचा किनारा, मग दीवचा किल्ला.]

निवेदन:
तेरेखोल चुकलं तर फरक बारीक पडतो. मोठी गल्लत होते ती दूरच्या तुकड्यांनी. १९८७ च्या मे महिन्यापर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. दमण आणि दीव शेकडो किलोमीटर लांब, गुजरातच्या किनाऱ्याला. तरी आकडा तिघांचा मिळून एक. क्षेत्रफळ ३,८१४ चौरस किलोमीटर, त्यातला गोवा ३,७०२.

आता कुणी गोव्याची लोकसंख्या किती वाढली ते काढायला बसतं. १९८१ च्या जुन्या तक्त्यात १०,८६,७३० सापडतात, २०११ साली १४,५८,५४५. वाढ निघते ३४ टक्के. पण जुन्या आकड्यात दमण आणि दीवची ७८,९८१ माणसं आहेत. ती वजा केली की एकट्या गोव्याचे १०,०७,७४९ उरतात आणि वाढ होते जवळजवळ ४५ टक्के. दोन्ही आकडे अधिकृत, भागाकारही बरोबर. प्रदेश मात्र एक नाही. तक्त्याच्या शीर्षकात ‘गोवा’ आहे की ‘गोवा, दमण व दीव’, हे आधी वाचायचं ते याचसाठी.

[दृश्य: कारवारचं बंदर, संध्याकाळ.]

निवेदन:
आणखी दक्षिणेला कारवार. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, नंतर कर्नाटकात. महाराष्ट्राचा दावा ज्या ८६५ गावांवर आहे, त्यात हा भागही येतो. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण जनगणना दाव्यावर चालत नाही. कारभार ज्याच्या हाती, त्याच्या खात्यात माणसंही आणि जमीनही. म्हणून महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटरमध्ये कारवार नाही.

इथे निदान माणसं आणि जमीन एकाच खात्यात आहेत. ती वेगवेगळ्या खात्यांत गेली की घनता बिघडते. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर सांगतात, त्यात पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला १.२ लाखांहून जास्त भाग धरलेला आहे. तिथली माणसं मात्र आपण मोजत नाही. २०११ ची १२१ कोटी लोकसंख्या या पूर्ण क्षेत्रफळाने भागली तर घनता ३६८ येते. जनगणनेचा आकडा ३८२ आहे, कारण तिथे भागताना तो भाग वगळला आहे.

[दृश्य: कारवारसमोरचं बेट, मागे समुद्र.]

निवेदन:
कारवारसमोर दिसतंय ते अंजदीव. किनारा कर्नाटकाचा, बेट गोव्याचं. कारवारचा निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी अंजदीवची जमीन गोव्याच्याच खात्यात राहील, कारण त्या दाव्यात मुळात हे बेट नाही.