पूल बसवायची विद्या

श्रोतेहो, नमस्कार. घड्याळजी व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. स्वित्झर्लंडच्या वॉस्टेप संस्थेत घड्याळजीचा पूर्ण अभ्यासक्रम ३००० तासांचा असतो. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या दुकानात उस्तादाशेजारी बसून शिकायचं, त्यालाही दोन-तीन वर्षं सहज लागतात. दोन्हीकडे गिऱ्हाइकाचं घड्याळ पहिल्या दिवशी हातात मिळत नाही. आधी भंगार मशीन.

हे मशीन म्हणजे चावीच्या जुन्या घड्याळाचं आतलं यंत्र. बाजारातून एकाच जातीची दोन घ्या. पुन्हा सांगतो, एकाच जातीची दोन. एकाचा भाग मोडला, तर दुसऱ्याचा त्यात बसतो. एचएमटीची जुनी चावीची मशीनं यासाठी उत्तम. ती मोठी आहेत आणि त्यांचे भाग अजून मिळतात. गंजलेलं घेऊ नका, त्यातले पेच निघता निघता तुटतात. सेलवाल्या मशीनवरही शिकू नका. पुष्कळांत प्लास्टिकची चाकं असतात, बोटाला धातूची सवय लागत नाही.

हत्यारं थोडीच. एक ते दीड मिलिमीटर पात्यांचे दोन-तीन बारीक पेचकस, पातळ टोकाचा चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, मशीन धरायचं होल्डर, हवेचा रबरी फुगा आणि टोक काढलेली लाकडी काडी. पात्याची रुंदी पेचाच्या खाचेएवढी हवी. पातं अरुंद असलं, की खाच फाटते. आणि मे महिन्यात कितीही उकडलं तरी कामाच्या टेबलावर पंखा नको. एक पेच उडाला, तर दिवसभर फरशी झाडत बसाल. घामेजलेलं बोटही चाकाला लावू नका, तिथे पुढे गंज धरतो.

आता भुसावळच्या एका शिकाऊ मुलाची हकिगत ऐका, ती अर्ध्या धड्याएवढी आहे.

त्यानं मशीन नीट खोललं होतं. चावीचं बटण दोन बोटांत धरलं, स्प्रिंग अडवून धरणारा खटका काडीनं बाजूला केला आणि बटण हळूहळू उलटं फिरू देत स्प्रिंगचा सगळा जोर सोडला. हे आधी करायलाच हवं. जोर शिल्लक असताना चाकांना अडवत-सोडत चालवणारा लंगर काढला, तर सगळी चाकं गरकन सुटतात आणि त्यांच्या आसांची बारीक टोकं तुटतात. मग बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे डोलणारं चाक, मग लंगर, मग पूल, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणारी पट्टी, असं त्यानं क्रमानं उतरवलं.

चूक झाली ती परत जोडताना. चारी चाकं जागेवर ठेवली, वरून पूल टेकवला. प्रत्येक चाकाचं वरचं टोक पुलातल्या आपापल्या भोक पाडलेल्या खड्यात शिरायला हवं. ही टोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी जाड असतात. पूल एका बाजूनं केसभर वर होता. मुलाला वाटलं, पेच आवळला की बसेल. आवळला आणि बारीकसा टक् आवाज आला. सेकंद काट्याच्या चाकाचं टोक गेलं.

उस्ताद रागावले नाहीत. अहिराणीत एवढंच म्हणाले, "नको दाबू रे भाऊ. आधी चाक फिरी ऱ्हायनं का ते देख, मंग पेच कस."

दुसऱ्या मशीनमधलं तेच चाक काढून त्यांनी ह्यात घातलं आणि नेम लावून दिला: रोज वीस वेळा पूल काढायचा, वीस वेळा बसवायचा. पूल टेकवायचा, काडीनं नावापुरता धरायचा. भिंगातून आडव्या नजरेनं बघायचं, पूल आणि मशीनची खालची पाटी यांच्यात कुठे फट दिसते का. जिकडे फट, तिकडचं चाक चिमट्यानं अलगद हलवायचं. टोक खड्यात शिरलं, की पूल आपोआप खाली बसतो. मग पेच निम्मा कसायचा आणि प्रत्येक चाक हलवून पाहायचं: गोल फिरतं का, वर-खाली किंचित हलतं का? चाक जखडलेलं असेल, तर पेच सोडायचा. श्रोतेहो, आवळायचा नाही, सोडायचा.

पंधराव्या दिवशी पूल पूर्ण कसून झाल्यावर त्यानं लंगर न लावताच चावी एक खटका भरली. चाकं सर्रकन पळाली आणि थांबताना शेवटचं चाक थोडं उलटं फिरलं. उलटं फिरणं ही खूण लक्षात ठेवा. तसं झालं म्हणजे चाकं मोकळी आहेत, कुठेही घासत नाहीत. तसं न होता चाकं अडखळत थांबली, तर धूळ, वाकलेलं टोक किंवा मळलेला खडा शोधायला लागायचं.

उस्तादांनी त्याला लंगर आणि बॅलन्स लावू दिला. चावी भरताच बॅलन्स डोलू लागला, सेकंदाला पाच ठोके. मुलानं विचारलं, आता गिऱ्हाइकाचं घड्याळ घेऊ का? उस्तादांनी तेच मशीन पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. "खोल," म्हणाले, "या वेळी तेल घालायला शिकू."