फॅमिली प्लॅनमधून माणूस काढताना

[दृश्य: फोनच्या पडद्यावर कुटुंबातल्या पाच जणांची गोल चित्रं. एका चित्रावर बोट येऊन थांबतं.]

निवेदन:
गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये जास्तीत जास्त सहा जण असतात. त्यातला एक फॅमिली मॅनेजर. गूगल वन म्हणजे सगळ्यांत वाटून वापरायची, पैसे भरून घेतलेली जास्तीची साठवणजागा. त्या प्लॅनचे पैसे तोच भरतो आणि कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हेही तोच ठरवतो. काढायचं बटण शोधायला वेळ लागत नाही. families.google.com उघडायचं, त्या व्यक्तीचं नाव निवडायचं आणि "Remove member" म्हणायचं. पासवर्ड विचारला तर द्यायचा, की झालं.

पण हे 'झालं' त्या क्षणापासून लागू होतं. प्लॅन रद्द करण्याचं तसं नसतं. आज रद्द केला तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत सगळ्यांना तो वापरता येतो. म्हणजे रद्द करण्यात सवड मिळते, काढण्यात मिळत नाही. बहुतेक घोळ हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

[दृश्य: स्टोरेजचा आडवा पट्टा, वेगवेगळ्या रंगांत भरत जाणारा.]

निवेदन:
समजा एका थोरल्या बहिणीने हा ग्रुप उघडला आहे. त्यात तिचा नवरा, आई, धाकटा भाऊ आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. गूगल वनचा 200 जीबीचा प्लॅन सगळ्यांत मिळून चालतो. आता भाऊ वेगळा राहतो, स्वतः कमावतो आणि "माझं मी बघतो" म्हणतो. भांडण नाही, तंटा नाही. ताई फोन हातात घेते.

तिने थोडं थांबायला हवं. आधी भावाने स्वतःच्या खात्यात जाऊन one.google.com/storage हे पान उघडायचं. समजा तिथे एकूण 58 जीबी दिसतात. त्यातले 39 फोटोंचे, 8 जीमेलचे आणि 11 ड्राइव्हचे. ताईला ग्रुपच्या पानावर भावाच्या नावापुढे आकडा दिसतो, पण हिशोब त्यावरून करू नये. प्रत्येक सदस्याचे स्वतःचे 15 जीबी आधी भरतात आणि त्यापुढचं सामायिक साठ्यात मोजलं जातं. त्यामुळे पूर्ण आकडा ज्याचा त्यालाच विचारलेला बरा. त्याच्या फाइली आणि फोटो ताईला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये जागा वाटली जाते, सामान नाही.

ग्रुपबाहेर पडल्यावर भावाकडे फक्त ते मोफतचे 15 जीबी उरतील. सामान 58 चं आणि जागा 15 ची, म्हणजे 43 जीबी जास्त.

[दृश्य: मेलची इनबॉक्स. सगळं नेहमीसारखं दिसतं, फक्त नवा मेल येत नाही.]

निवेदन:
इथे एक गैरसमज दूर करू. मर्यादा ओलांडली म्हणून फोटो लगेच पुसले जात नाहीत. खातं उघडतं, जुने फोटो दिसतात, फाइली उतरवूनही घेता येतात. नवीन काही आत येणं मात्र थांबतं. फोटोंचा बॅकअप थांबतो, ड्राइव्हवर फाइल चढत नाही, डॉक्समध्ये नवा दस्तऐवज तयार होत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच जागेत मोजला जातो, त्यामुळे तोही अडतो. खातं सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं, तर मात्र आतला मजकूर पुसण्याचा अधिकार गूगल राखून ठेवतं.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो मेलला. जीमेलमधून मेल जात नाही आणि येतही नाही. भावाला कोणी मेल पाठवला तर तो परत जातो आणि समोरच्याची मेलपेटी भरल्याची सूचना मिळते ती पाठवणाऱ्याला. भावाला मात्र इनबॉक्स शांत दिसते. आज कुणाचा मेल नाही, असं समजून तो कामाला लागतो. नोकरीचं पत्र किंवा बँकेचा संदेश याच काळात यायचा असला तर तो चुकतो. खात्यात जागा संपल्याचा इशारा दिसत असतो, पण असल्या पट्ट्या न वाचता बाजूला सारायची सवय आपल्याला लागलेलीच असते. म्हणून भावाने पहिल्या दिवशी एक चाचणी करावी. दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावरून स्वतःला मेल पाठवायचा आणि तो पोहोचतो का ते पाहायचं.

[दृश्य: दोन फोन शेजारी शेजारी. एकावर ग्रुपचं पान, दुसऱ्यावर प्लॅन विकत घेण्याचं.]

निवेदन:
म्हणून काढण्याआधी भावाने ठरवावं की सामान कमी करायचं की जागा विकत घ्यायची. 43 जीबी कमी करणं एका संध्याकाळचं काम नाही. त्याच्यासाठी 100 जीबीचा स्वतःचा प्लॅन सरळ पडतो. दोघांनी एकाच वेळी फोन घेऊन बसावं. ताईने काढायचं आणि भावाने तिथल्या तिथे प्लॅन घ्यायचा. पैसे भरायची पद्धत त्याच्या खात्याला आधीच जोडलेली हवी. एरवी इकडे काढून झालं आणि तिकडे कार्ड चालेना, अशी गत होते. एवढ्या तयारीने केलं, तर अडचण झालीच तरी काही मिनिटांचीच होते.

प्लॅन घ्यायचा नसेल तर takeout.google.com वरून फोटोंची प्रत उतरवून घ्यावी. तिथे मिळणारी लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेवढ्यात फाइली उतरवून, एकदोन उघडून बघाव्यात आणि मगच मूळ फोटो पुसावेत. ड्राइव्ह आणि जीमेलचा कचरा रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट ताईने त्याला आधीच सांगायला हवी. 'फक्त स्टोरेजमधून काढ, बाकी राहू दे' असं एका माणसापुरतं करता येत नाही. ग्रुप एकच असतो. तोच यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनला लागतो आणि प्ले स्टोअरच्या फॅमिली लायब्ररीलाही. भाऊ बाहेर पडला की तिन्हीकडून बाहेर पडतो. त्याने लायब्ररीत टाकलेल्या वस्तू इतरांना दिसेनाशा होतात, इतरांच्या त्याला.

आणि परत यायचं म्हटलं तर? फॅमिली ग्रुप बारा महिन्यांत एकदाच बदलता येतो. भाऊ उद्या बायकोच्या ग्रुपमध्ये गेला आणि तिथे जमलं नाही, तर त्याला लगेच ताईकडे परतता येणार नाही. 'काढून तर बघू, नाही जमलं तर परत घेऊ' हा विचार इथे अंगाशी येतो.

[दृश्य: सेटिंग्जचं पान. "Delete family group" या ओळीवरून कॅमेरा हळूहळू वर सरकतो.]

निवेदन:
भाऊ गेला. वर्षभराने ताईलाही वाटतं, हा प्लॅन आता पुरे, बंदच करू. समोर तीन बटणं आहेत आणि तिन्ही 'बंद करा' याच अर्थाची वाटतात. सगळ्यांना एकेक करून काढणं, ग्रुपच पुसून टाकणं किंवा प्लॅन रद्द करणं.

ग्रुप पुसल्याने ताईचा गूगल वनचा प्लॅन बंद होत नाही. तो तिच्या खात्यावर चालू राहतो आणि पुढचे पैसेही तिच्याकडूनच कापले जातात. फरक इतकाच की आता तो ती एकटी वापरते. ग्रुपबरोबर फॅमिली कॅलेंडर मात्र जातं, त्यातल्या नोंदींसकट. शिवाय मुलीचं खातं फॅमिली लिंकच्या देखरेखीखाली आहे. त्या देखरेखीचा पाया ग्रुपच असल्याने मुलीच्या खात्याची सोय लावल्याशिवाय ग्रुप सरळ पुसता येत नाही. या अडथळ्यापाशी येऊन घाईघाईत मुलीचं खातंच पुसून टाकणं, याइतकं चुकीचं पाऊल दुसरं नाही. जागा वाचवण्यासाठी तिचे फोटो आणि मेल कायमचे घालवायचे, असा तो व्यवहार होतो.

'मी बाजूला होते, आता तू मॅनेजर हो' असं नवऱ्याला म्हणून भागत नाही. मॅनेजरपद दुसऱ्याकडे सोपवायची सोय नाही. जुना ग्रुप मोडून नवऱ्याने नवा उघडायचा, हाच मार्ग, आणि तिथेही बारा महिन्यांचा नियम आडवा येऊ शकतो.

ताईच्या घरासाठी मला एकच रस्ता योग्य वाटतो. ग्रुपला हात लावायचा नाही, कोणाला काढायचं नाही, फक्त प्लॅन रद्द करायचा. मुदत संपायला महिना उरला असेल तर तो महिना सगळ्यांच्या हाती राहतो. आजच रद्द करून ठेवलं तरी बिघडत नाही. ती तारीख मात्र सगळ्यांना कळवायची. आपण रद्द केलं हे ताईला ठाऊक असतं, आईला ठाऊक नसतं.

[दृश्य: आईच्या फोनवर मोठ्या फाइलींची यादी. सगळ्यात वर लग्नाचे लांबच लांब व्हिडिओ.]

निवेदन:
समजा आईचे 17 जीबी आहेत. तिला फक्त दोन जीबी कमी करायचे आहेत, पण काठावर राहिली तर आठवड्याभरात पुन्हा भरेल. म्हणून चार-पाच जीबी मोकळे करावेत. गूगल वनचं स्टोरेजचं पान मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवतं. एका समारंभाचे तीन व्हिडिओ संगणकावर उतरवून खात्यातून पुसले की काम होतं. हे मुदत संपायच्या आधी करायचं, म्हणजे आईचा मेल एक दिवसही थांबत नाही.

मुलगी आणि नवरा 15 जीबीच्या आत असतील तर त्यांना काहीच करावं लागत नाही. ग्रुप आहे तसाच असल्याने मुलीच्या फोनवरच्या मर्यादा चालू राहतात आणि फॅमिली कॅलेंडरही राहतं.

ताईला प्लॅन स्वतःसाठी ठेवून फक्त वाटणं थांबवायचं असेल, तर गूगल वनच्या सेटिंग्जमध्ये कुटुंबाबरोबर वाटण्याचा एक खटका आहे. पण तो सगळ्यांसाठी मिळून एकच असतो. तो बंद करणं हे काढण्यासारखंच आहे, त्यात मुदत मिळत नाही. म्हणजे आईची आवराआवर त्याच्याही आधी झालेली हवी.

[दृश्य: पावतीचा मेल. पुढच्या वसुलीच्या तारखेवर कॅमेरा.]

निवेदन:
रद्द कुठून करायचं, हे प्लॅन कुठून घेतला होता यावर ठरतं. आयफोनवर ॲप स्टोअरमधून घेतला असेल तर तो ॲपलच्या सबस्क्रिप्शनच्या यादीतूनच रद्द होतो. गूगलच्या पानावर कितीही शोधलं तरी ते बटण सापडत नाही. ॲप फोनवरून काढून टाकल्याने तर काहीच रद्द होत नाही. पहिल्या खरेदीची पावती मेलमध्ये शोधली की पैसे कोणाच्या मार्फत गेले ते कळतं. रद्द झाल्यावर त्याच ठिकाणी पुढच्या वसुलीच्या तारखेऐवजी प्लॅन संपण्याची तारीख दिसायला हवी. ती दिसत नसेल, तर रद्द झालेलं नाही असं धरून पुन्हा करायचं.