धुऱ्यावरचा एक घाव, आरोपी सहा

[दृश्य: जूनचा पहिला आठवडा. वखरून ठेवलेलं काळं वावर, मधून जाणारा गवताळ धुरा.]

विदर्भात जमिनीची भांडणं बहुतेक वेळा या पट्ट्यावर सुरू होतात. रुंदी दोन-तीन हात. दर उन्हाळ्यात वखर एखादा तास आत सरकतो आणि धुरा कोरला जातो. मोजणी होते, दगड रोवले जातात, पुढच्या वर्षी दगड हललेला असतो. मग पेरणीच्या तोंडावर कोणीतरी म्हणतं, आज याचा निकालच लावू.

आपण इथं एक खटला उभा करणार आहोत. तो कल्पित आहे. माणसं नात्यानंच ओळखायची, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही समजा. कायदा मात्र खरा आहे.

[दृश्य: पांदण रस्ता, ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे धूळ.]

सकाळी आठच्या सुमाराला ट्रॉली पांदणीवर थांबते. तीन भाऊ उतरतात. थोरल्याच्या हातात कुऱ्हाड, मधल्याच्या हातात काठी, धाकटा रिकाम्या हातांनी. सोबत चुलतभाऊ, त्याच्याकडे बैल हाकायची तुतारी. ट्रॅक्टर चालवणारा जावई सीटवरच बसून. फावड्यांनी धुरा फोडायला सुरुवात होते. पलीकडचा शेतकरी आडवा येतो, त्याची बायको मागून धावत येते. धाकटा त्या शेतकऱ्याचे दोन्ही हात मागून धरतो. मधला नडगीवर काठी हाणतो. कोणीतरी ओरडतं, "धरा रे त्याले!" आणि थोरल्याची कुऱ्हाड डोक्यात बसते. चुलतभावानं तुतारी आडवी धरून बायकोला अडवलेलं असतं. आरडाओरडा ऐकून शेजारच्या वावरातला एक जण येतो आणि धुऱ्यावर उभा राहून पाहतो.

शेतकरी जागीच जातो. दुपारी फिर्याद नोंदली जाते. तीत सहा नावं: तीन भाऊ, चुलतभाऊ, जावई आणि तो पाहणारा शेजारी, कारण त्याचंही या घराशी जुनं वाकडं.

घाव एकाचा. मग बाकी पाच जणांना खुनासाठी कोणत्या वाटेनं धरायचं?

[दृश्य: तालुक्याच्या न्यायालयाचा व्हरांडा, वकिलांची टेबलं.]

वाटा दोन आहेत. कोर्टाच्या आवारात आजही त्यांना जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलमांच्या आकड्यांनीच ओळखतात: चौतीस आणि एकशे एकोणपन्नास. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तेव्हापासून चौतीस म्हणजे कलम 3 चं पोटकलम 5 आणि एकशे एकोणपन्नास म्हणजे कलम 190. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. आधीच्या घटनांचे खटले अजून जुन्याच आकड्यांवर चालतात.

चौतीस म्हणजे समान इरादा. दोन माणसंही पुरेत. हा वेगळा गुन्हा नाही. अनेकांनी एका इराद्यानं केलेलं कृत्य प्रत्येकानं एकट्यानं केल्यासारखं मानायचं, असा हा जबाबदारीचा नियम आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. मनं आधी एक झाली होती आणि त्या माणसानं कामात कुठला तरी वाटा उचलला. "आधी" म्हणजे आदल्या रात्री ओट्यावर बसून ठरवलं असंच नाही. जागेवर, क्षणात ठरलं तरी चालतं. पण ठरलं पाहिजे.

इथंच गफलत होते. 1955 च्या निकालपत्रांत पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, म्हणजे या मातीतली भांडणं त्यांना नवी नव्हती. त्यांच्या मांडणीचा सार असा: पाच जणांच्या मनात एकाच माणसाला मारायचं असू शकतं, प्रत्येक जण आपापला जीवघेणा वारही करू शकतो, आणि तरीही समान इरादा नसू शकतो, कारण त्यांची मनं एकमेकांशी जुळलेली नव्हती. सारखा इरादा आणि समान इरादा यांच्यातली रेघ बारीक आहे, पण ती पुसली तर अन्याय होतो.

आपल्या मधल्या भावावर हे बसवून पाहा. काठीचा नेम नडगीवर. माणूस मारायचा म्हणून निघालेला पायावर काठी का हाणेल? पाय मोडायचा, धडा शिकवायचा, एवढंच त्याच्या मनात असलं तर तो गंभीर दुखापतीचा धनी होईल. शिक्षा सात वर्षांपर्यंत. थोरल्यासोबत खुनात गेला तर किमान जन्मठेप. हे अंतर काठी किती जोरात बसली यावरून मोजत नाहीत, मनात काय ठरलं होतं यावरून मोजतात. आणि मन दाखवणारा पुरावा बहुतेक वेळा वागण्यातूनच काढावा लागतो.

[दृश्य: ट्रॉलीत पडलेली कुऱ्हाड, गोणपाट, कापलेल्या बाभळीच्या काट्या.]

दुसरी वाट, एकशे एकोणपन्नास. इथं पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव लागतो आणि त्याचं समान उद्दिष्ट लागतं. मनं आधी जुळली होती का, हा प्रश्न इथं येत नाही. तू त्या जमावाचा घटक होतास का, आणि त्याचं उद्दिष्ट तुझंही होतं का, एवढंच विचारतात. वार करायलाच पाहिजे असं नाही.

उद्दिष्ट बेकायदेशीर कधी ठरतं त्याची यादी कलम 189 मध्ये आहे. तीतली एक ओळ धुऱ्याच्या भांडणाला नेमकी लागू पडते: गुन्हेगारी बळ वापरून किंवा त्याचा धाक दाखवून हक्क बजावणे, खरा असो वा मानलेला. म्हणजे मोजणीच्या नकाशात धुरा भावांचाच निघाला तरी फरक पडत नाही. हक्क खरा असूनही पाच जण काठ्या-कुऱ्हाडी घेऊन तो बजावायला गेले की जमाव बेकायदेशीर. माझ्या मते गावात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. "आमचीच जमीन, आम्ही गेलो" हा बचाव म्हणून सांगितला जातो आणि तोच उद्दिष्टाची कबुली ठरतो.

पण उद्दिष्ट धुरा फोडायचं होतं, खून झाला. त्याचं काय? कलम 190 चे दोन भाग आहेत. उद्दिष्ट पार पाडण्यासाठीच गुन्हा केला, हा पहिला. ते पार पाडताना असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे घटकांना माहीत होतं, हा दुसरा. धुऱ्याच्या खटल्यांत लढाई या दुसऱ्या भागावर होते.

म्हणून कुऱ्हाड कुठं होती हे महत्त्वाचं. विदर्भात शेतकऱ्याच्या ट्रॉलीत कुऱ्हाड असणं नवल नाही. कुंपणाला बाभळीच्या काट्या तोडायला ती लागतेच. काट्यांखाली, गोणपाटात पडलेली कुऱ्हाड थोरल्यानं अचानक उपसली असेल, तर बाकीच्यांना खुनाचा संभव माहीत होता असं म्हणणं अवघड. पण घरून निघतानाच ती त्याच्या खांद्यावर असेल आणि सगळे ती पाहत बसले असतील, तर "आम्हाला काय माहीत" हे टिकत नाही. पंचनाम्यात कुऱ्हाड जप्त झाल्याची नोंद असते. ती निघताना कुठं होती, हे मात्र साक्षीदारांनाच विचारावं लागतं, आणि चांगला तपास अधिकारी ते पहिल्याच जबाबात विचारतो.

[दृश्य: शेजाऱ्याचं वावर, दूरवरून धुरा दिसतो.]

आता सहावा आरोपी, पाहणारा शेजारी. सर्वोच्च न्यायालयानं 1956 च्या बालादीन खटल्यात नुसत्या हजेरीवर कोणी घटक ठरत नाही असं म्हटलं होतं. 1964 च्या मसाल्टी निकालानं ते नीट केलं: घटक असलेल्यानं स्वतः काही कृत्य केल्याचा पुरावा लागत नाही, पण निव्वळ बघ्या म्हणून आलेला घटक नाही. त्याच निकालात, आरोपी बरेच असतील तर प्रत्येकाविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांची एकसारखी साक्ष पाहावी, अशी खबरदारीही सांगितली आहे, कारण गावच्या फिर्यादीत नावं वाढतात.

नाव वाढवलेलं ओळखायचं कसं? शवविच्छेदन अहवालातून बरंच कळतं. फिर्यादीत "सहाही जणांनी कुऱ्हाडी-काठ्यांनी मारलं" असेल आणि अंगावर जखमा दोनच असतील, डोक्याची आणि नडगीची, तर उरलेल्या चौघांच्या हातातली हत्यारं नंतर आली. आपल्या खटल्यात तसंच होतं. शेजारी सुटतो.

जावयाचं कोडं अवघड. 1923 साली कलकत्त्यात शांकरीटोला पोस्ट ऑफिसात पोस्टमास्तरला गोळी घालून मारलं. आरोपी बरेंद्रकुमार घोष म्हणत राहिला की मी बाहेर उभा होतो. 1924 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, त्यालाही दोषी धरलं: ठरलेल्या कामात बाहेर उभं राहणं हाही वाटाच. मग ट्रॅक्टरवर बसलेला जावई? इंजिन चालू ठेवून पळायची वाट पाहत असेल तर तो आतला. पण पेरणीला त्याचा ट्रॅक्टर अर्धं गाव भाड्यानं नेतं, तो उतरलाही नाही, आणि आत काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं असं एकही साक्षीदार ठामपणे सांगत नाही. समजा न्यायाधीशांनी त्याला संशयाचा फायदा दिला.

[दृश्य: आरोपपत्राची पानं, नावांची यादी.]

त्याच्या सुटकेसोबत आणखी काहीतरी कोसळतं. सहातून दोन गेले, उरले चार. जमावाला पाच लागतात. मोहन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, 1962: आणखी अनोळखी माणसं होती असा पुरावा असता तर पाच भरले असते. पण फिर्यादीनं नेमकी सहाच नावं दिली, सातवं कोणीच नाही. म्हणजे कलम 190 गेलं. खोटं एक नाव घालून फिर्यादीनं खटला बळकट केला असं वाटतं. प्रत्यक्षात गठ्ठा ढिला झाला.

उरतो समान इरादा. जमावाचं कलम पडलं तरी वस्तुस्थितीतून तो दिसत असेल तर त्याखाली शिक्षा होऊ शकते. तो कमी गुन्ह्याचाही असू शकतो. चुलतभावाचं तुतारी आडवी धरणं धुरा फोडण्याच्या आणि मारहाणीच्या इराद्याशी जुळतं, मारून टाकण्याच्या इराद्याशी जुळतंच असं नाही. मघाशी एकशे एकोणपन्नासखाली तो खुनात अडकला असता. आता मारहाण आणि दुखापतीपर्यंत येतो, आणि तेही जावई सुटल्यामुळे.

[दृश्य: साक्षीदाराचा पिंजरा.]

धाकट्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. त्यानं हात धरले होते. मधला काठी मारताना धरले, हे सगळेच मान्य करतात. काठीनंतर त्यानं हात सोडले आणि मग कुऱ्हाड उठली, तर तो पाय मोडण्यापुरताच सोबत होता. कुऱ्हाड डोक्यावर दिसत असताना पकड तशीच ठेवली, तर जागेवर, त्या दोन-तीन क्षणांत, त्याचा इरादा थोरल्याशी जुळला असं न्यायालय म्हणू शकतं.

मयताची बायको साक्षीला उभी आहे. तुतारीच्या आडून तिनं हे पाहिलं. धाकट्याचे वकील विचारतात, "बाई, कुऱ्हाड उचलली तेव्हा याचे हात कुठं होते?" ती म्हणते, "धरूनच होता ना." वकील लगेच पोलिसांपुढचा तिचा जबाब उघडतात. त्यात हात धरल्याचं आहे, केव्हा सोडले याबद्दल ओळ नाही. आता न्यायाधीशांना ठरवायचं आहे, ही विसरलेली गोष्ट की नंतर जोडलेली.